जागा शिल्लक असताना पॅकेट टाकून का द्यायचे? बफरब्लोट आणि रेडचा आगाऊ इशारा

प्रश्न: माझ्या लिंकचा अपलोड वेग १० मेगाबिट आहे. मोठी फाइल चढवायला घेतली की पिंग ४० मिलिसेकंदांवरून १२०० च्या आसपास जातो आणि व्हिडिओ कॉल अडकतो. वेग पूर्ण मिळतो, पॅकेट हरवल्याचे फारसे दिसत नाही. राउटरमध्ये RED नावाचा पर्याय आहे. पण बफरमध्ये जागा असताना पॅकेट मुद्दाम टाकून देण्यात काय अर्थ? त्यापेक्षा बफरच लहान केला तर?

उत्तर:

तुमच्या दोन आकड्यांवरूनच बरेच काही कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एक पूर्ण आकाराचे पॅकेट १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे. १० मेगाबिटच्या लिंकवर ते बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. पिंग सुमारे १.२ सेकंदांनी वाढतो आहे, म्हणजे तुमच्या पिंगच्या पॅकेटपुढे जवळजवळ हजार पॅकेटे उभी आहेत. हजार हा आकडा मला ओळखीचा आहे. लिनक्समध्ये इथरनेटच्या रांगेची लांबी वर्षानुवर्षे न सांगता तेवढीच धरली जाते, आणि कित्येक मोडेम-राउटरांच्या आत लिनक्सच असते. तुमच्या यंत्रात नेमके तसेच आहे का, हे उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हिशेब जुळतो.

लांब रांग हा मूळ दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. रांग लांब होते आणि लगेच रिकामी होते, तर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते रांग कधीच रिकामी न झाल्यामुळे. ती का होत नाही, हे कळले की रेडचे सगळे वागणे आपोआप उलगडते.

फाइल पाठवणाऱ्या यंत्रातील टीसीपीला मधल्या लिंकचा वेग माहीत नसतो. पोच यायच्या आधी किती पॅकेटे वाटेत असू द्यायची, याचा एक आकडा ते सांभाळते. त्याला विंडो म्हणतात. पोच नीट येत राहिली की विंडो वाढते आणि पॅकेट हरवले की कमी होते. तुमच्या फेरीचा, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत येण्याचा, मूळ वेळ ४० मिलिसेकंद आहे. तेवढ्या वेळात १० मेगाबिटची लिंक ४ लाख बिट, म्हणजे साधारण ३३ पॅकेटे बाहेर काढते. विंडो ३३ झाली की लिंक पूर्ण भरते. त्यापुढे वाढवलेले प्रत्येक पॅकेट वेगात काहीही भर घालत नाही, ते फक्त रांगेत जाऊन उभे राहते. पण टीसीपीला हे कोणी सांगत नाही. पॅकेटे उशिरा का होईना पोहोचत असतात, म्हणून ते विंडो वाढवतच राहते: ३३, १००, ५००, शेवटी १०३३. आता ३३ पॅकेटे वाटेत आणि १००० रांगेत. बफर काठोकाठ भरतो आणि पुढचे पॅकेट जागा नसल्यामुळे टाकून दिले जाते. पाठवणाऱ्याला मिळालेली ही पहिली बातमी.

हरवलेले पॅकेट रांगेच्या शेपटाशी होते, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याच्या मागून आत आलेले पॅकेट पुढची हजार पॅकेटे सरकल्यावरच पलीकडे पोहोचणार, आणि तेव्हाच घेणाऱ्याला मधला क्रमांक गहाळ असल्याचे कळणार. म्हणजे बातमी सव्वा सेकंद शिळी होऊन येते. आली की टीसीपी काय करते? आज बहुतेक यंत्रांत क्युबिक नावाचा प्रकार चालतो. तो विंडो ७० टक्क्यांवर आणतो: १०३३ ची ७२३. त्यातली ३३ वाटेतली सोडली तर रांगेत अजून ६९० उरतात, म्हणजे सव्वाआठशे मिलिसेकंदांचा उशीर. तिथून पुन्हा चढण सुरू. जुना रेनो हा प्रकार विंडो निम्मी करतो, तरीही सुमारे ४८० पॅकेटे उभीच राहतात.

ज्याला बफरब्लोट म्हणतात ते हेच. हा शब्द जिम गेटिस यांनी २०१० मध्ये रूढ केला, पण आजार त्याहून खूप जुना आहे. पॅकेट हरवत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते, आणि न हरवण्यामुळेच पाठवणाऱ्याला थांबायचे कारण मिळत नाही. तुम्हाला वेग पूर्ण दिसतो त्याचेही कारण हेच: रांग कधी रिकामी नसल्यामुळे लिंक एक क्षणही मोकळी राहत नाही.

आता तुमची सूचना: बफर लहान करावा. ती चुकीची नाही, आणि दुसरे काहीच हाताशी नसेल तेव्हा मीही तेच करतो. अडचण अशी की किती लहान करायचा, याचे एकच उत्तर नसते. ४० मिलिसेकंदांच्या फेरीला ३३ पॅकेटांचा बफर रेनोला पुरतो. विंडो निम्मी झाली तरी लिंक भरलेली राहते. पण तोच अपलोड २०० मिलिसेकंद दूरच्या सर्व्हरकडे असेल तर वाटेतच १६७ पॅकेटे मावतात. ३३ च्या बफरवर तिथे विंडो २०० वर गेली की पॅकेट हरवणार, ती १०० वर येणार, आणि पुन्हा १६७ पर्यंत चढेपर्यंत लिंक अर्धवट रिकामी धावणार. उलट लिंकचा वेग खराब सिग्नलमुळे १० वरून १ मेगाबिटवर आला, तर त्याच ३३ पॅकेटांचा उशीर ४० वरून ४०० मिलिसेकंद होतो.

शिवाय बफर लहान असो वा मोठा, शेपटाकडून पॅकेटे पडण्याची पद्धत तीच राहते. रांग भरली की जो येईल तो बाहेर. टीसीपीची पॅकेटे एकेक करून येत नाहीत, झुंडीने येतात, त्यामुळे एकाच प्रवाहाची, म्हणजे एकाच जोडणीची, ओळीने बरीच पॅकेटे पडतात आणि ती भरून काढायला वेळ जातो. एकाच लिंकवर अनेक प्रवाह असतील तर सगळ्यांना एकाच वेळी फटका बसतो, सगळे एकदम मागे हटतात, लिंक काही काळ मोकळी धावते आणि मग सगळे पुन्हा एकदम चढतात. अनेक प्रवाह असलेल्या लिंकच्या आलेखावर हा करवतीचा आकार स्पष्ट दिसतो.

म्हणून बफर ठेवायचा, पण त्याचा उपयोग झुंड झेलण्यापुरताच करायचा. झुंड आली तर बफरने ती पोटात घ्यावी. रांग कायमची मुक्कामाला आली तर पाठवणाऱ्याला लवकर कळवावे. या दोन अवस्थांतला फरक ओळखणे, हेच सक्रिय रांग व्यवस्थापनाचे काम. रेड म्हणजे रँडम अर्ली डिटेक्शन हा त्याचा पहिला गाजलेला प्रकार. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी तो १९९३ मध्ये मांडला.

रेड प्रत्येक पॅकेट आत येताना दोन गोष्टी ठरवते. पहिली: कोंडी सुरू झाली आहे का? यासाठी ते या क्षणाची रांग पाहत नाही, तिची सरकती सरासरी पाहते.

```
avg = (1 - w) * avg + w * q
```

इथे `q` म्हणजे आत्ताची रांग आणि `w` म्हणजे तिला द्यायचे वजन. मूळ मांडणीत हे वजन ०.००२ इतके लहान सुचवले होते. त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. रांग रिकामी आहे आणि अचानक ५० पॅकेटांची झुंड एका दमात आली. खरी रांग शून्यावरून ५० झाली, पण सरासरी फक्त अडीचच्या आसपास पोहोचते. रेडच्या दृष्टीने काही घडलेच नाही; झुंड सुखरूप निघून जाते. तीच रांग सेकंदभर तशीच राहिली तर मात्र सरासरी हळूहळू तिच्याजवळ येते. झुंड आणि मुक्काम यांतला फरक रेड असा ओळखते.

दुसरी गोष्ट: कोंडी असेल तर इशारा कोणाला द्यायचा? त्यासाठी दोन उंबरठे असतात. तुमच्या लिंकसाठी खालचा १० पॅकेटांचा आणि वरचा ३० चा धरू, म्हणजे १२ आणि ३६ मिलिसेकंदांचा उशीर. सरासरी १० च्या खाली असेल तर कोणालाच हात लावायचा नाही. ३० च्या वर गेली तर येणारे प्रत्येक पॅकेट टाकायचे. मधल्या पट्ट्यात शक्यता सरळ रेषेत वाढत जाते.

```
pb = maxp * (avg - min) / (max - min)
pa = pb / (1 - count * pb)
```

`maxp` ०.१ धरा. सरासरी २० असेल तर `pb` येते ०.०५. दुसऱ्या ओळीतला `count` म्हणजे शेवटच्या इशाऱ्यानंतर सहीसलामत गेलेली पॅकेटे. ही ओळ बरेच जण वगळून पुढे जातात, पण मला तीच या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. नुसत्या `pb` वर दरवेळी फासा टाकला तर कधी लागोपाठ तीन पॅकेटे पडतील, तर कधी शंभरात एकही नाही. `count` मुळे शक्यता प्रत्येक सुटलेल्या पॅकेटागणिक वाढत जाते आणि १९ पॅकेटे सुटली की विसावे नक्की पडते. इशारे १ ते २० च्या अंतरात सारखे पसरतात, गठ्ठ्याने येत नाहीत.

यात कोणते पॅकेट कोणाचे, याची नोंद रेड ठेवत नाही. तशी गरजही नाही. तुमचा अपलोड सेकंदाला आठशेच्या वर पॅकेटे पाठवतो. कॉलमधला आवाज साधारण ५०. नाणे प्रत्येक पॅकेटासाठी उडते, त्यामुळे इशाऱ्यांचा बहुतेक वाटा अपलोडलाच मिळतो, ज्याने रांग वाढवली त्यालाच. वेगवेगळ्या प्रवाहांना वेगवेगळ्या क्षणी इशारा मिळत असल्याने सगळे एकदम मागे हटण्याचा प्रकारही थांबतो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. टाकून दिलेले पॅकेट हा टीसीपीसाठी निरोप असतो, आणि मधल्या राउटरला पाठवणाऱ्याशी बोलायची दुसरी वाट परंपरेने नव्हतीच. बफर भरेपर्यंत थांबले तर तो निरोप सव्वा सेकंद उशिरा पोहोचतो आणि तोवर रांग हजाराची झालेली असते. रांग १०-१५ पॅकेटांची असतानाच एक पॅकेट टाकले तर निरोप एका फेरीत, म्हणजे पन्नास-साठ मिलिसेकंदांत पोहोचतो. विंडो ४५ च्या आसपास होती, ती ३० वर येते, रांग आटते आणि लिंक जवळजवळ भरलेलीच राहते. हरवलेले एक पॅकेट पुन्हा पाठवावे लागते, खर्च एवढाच. एकट्या प्रवाहासाठी हा खर्च हजारभर पॅकेटांमागे एकाच्या आसपास असतो.

हा खर्चही टाळता येतो. २००१ मध्ये ठरलेल्या ईसीएन या पद्धतीत राउटर पॅकेट टाकत नाही, त्याच्या आयपी हेडरमधल्या दोन बिटांवर कोंडीची खूण करून पुढे जाऊ देतो. घेणारा ती खूण पोचपावतीत परत कळवतो आणि पाठवणारा विंडो अशी कमी करतो जणू पॅकेट हरवलेच आहे. अट एवढीच की दोन्ही टोकांच्या यंत्रांनी जोडणी करताना हे मान्य केलेले असावे. मान्य नसलेल्या प्रवाहांसाठी पॅकेट टाकणे चालूच राहते.

इथपर्यंत वाचून रेड लगेच चालू करावे असे वाटेल. जरा थांबा, कारण माझ्या कामात रेडने दिलेला बहुतेक त्रास इथून पुढच्या भागातला आहे.

रेनोच्या बाबतीत एक जुना ठोकताळा आहे: सरासरी विंडो साधारण `sqrt(1.5/p)` इतकी राहते, जिथे `p` म्हणजे पॅकेट हरवण्याचे प्रमाण. उलटे वाचले तर हव्या त्या विंडोसाठी किती इशारे द्यावे लागतील ते कळते. तुमच्या लिंकवर रांग २० च्या आसपास ठेवायची असेल तर वाटेतली ३३ आणि रांगेतली २० मिळून ५३ पॅकेटे हवीत. प्रवाह एकच असेल तर `p` येते सुमारे ०.०००५, म्हणजे दोन हजारांत एक. आता प्रवाह दहा आहेत असे धरा. प्रत्येकाची विंडो ५.३ हवी आणि `p` येते ०.०५ च्या थोडे वर, म्हणजे एकोणीस-वीस पॅकेटांत एक. प्रवाह दहापट झाले तर इशारे शंभरपट लागतात.

रेडला मात्र प्रवाहांची संख्या माहीत नसते. त्याला फक्त रांगेची लांबी दिसते, आणि तिच्यावरून शक्यता काढण्याची रेषा तुम्ही एकदाच आखून दिलेली असते. त्यामुळे प्रवाह कमी असले की रांग खालच्या उंबरठ्याला चिकटून राहते आणि वाढले की वरच्याकडे सरकते. मूळ मांडणीतला `maxp` ०.०२ ठेवला तर वीसएक जोरदार प्रवाहांना आवरायला तो पुरत नाही. सरासरी ३० च्या पुढे जाते, तिथे रेड येईल ते पॅकेट टाकू लागते आणि ज्या एकगठ्ठा पडझडीपासून पळायचे होते तीच परत येते. दिवसा बरीच माणसे आणि रात्री एकच मोठा बॅकअप, अशा एका लिंकवर मी हे दोन्ही टोकांनी पाहिले आहे: रात्री सुरेख चालणारी मांडणी दिवसा गचके द्यायची. यावर पुढे उपाय निघाले. वरच्या उंबरठ्यानंतर एकदम कडा न ठेवता शक्यता हळूहळू एकपर्यंत नेणे हा एक. आणि २००१ मध्ये फ्लॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे `maxp` आपोआप वरखाली करत राहणे हा दुसरा. त्यांनी फरक पडतो, पण पुढची अडचण राहतेच.

ती अडचण म्हणजे सरासरीचा वेग. ०.००२ चे वजन म्हणजे सरासरीला खऱ्या रांगेजवळ यायला पाचशेएक पॅकेटांचा काळ लागतो. १ गिगाबिटच्या लिंकवर हा काळ ६ मिलिसेकंदांचा आहे. तुमच्या १० मेगाबिटवर तोच ६०० मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे पंधरा फेऱ्या. नवा अपलोड सुरुवातीला दर फेरीला विंडो दुप्पट करतो. पंधरा फेऱ्यांच्या आत तो रांग शेकड्यांवर नेऊन ठेवतो आणि सरासरी मागून धापा टाकत येते. मग उलटे घडते: प्रवाह मागे हटतात, रांग आटते, पण सरासरी अजून वरच असते म्हणून रेड नको तेव्हाही पॅकेटे टाकत राहते आणि लिंक रिकामी पडते. वजन वाढवले तर सरासरी चपळ होते, पण मग ती झुंडीलाही कोंडी समजू लागते. आणि लिंकचा वेगच बदलता असेल, वायफायसारखा, तर तीस पॅकेटांना कायमचा असा काही अर्थच उरत नाही. पॅकेटांच्या जागी रांग बाइटांत मोजली तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण तुम्हाला जाचतो तो उशीर, लांबी नव्हे.

या साऱ्यामुळे असे झाले की १९९८ मध्ये आरएफसी २३०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने रेड वापरण्याची शिफारस केली, यंत्रांमध्ये ते आलेही, पण ज्यांच्या हातात लिंक होत्या त्यांतल्या अनेकांनी ते चालूच केले नाही. २०१५ च्या आरएफसी ७५६७ ने सक्रिय रांग व्यवस्थापन हवेच असे पुन्हा ठासून सांगितले, पण सर्रास रेडच वापरा ही शिफारस मागे घेतली.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी कॉडल मांडले, आणि त्यात मोजमापच बदलले. रांग किती लांब आहे हे ते विचारत नाही; प्रत्येक पॅकेट आत किती वेळ थांबले ते मोजते. गेल्या १०० मिलिसेकंदांतला सर्वांत कमी थांबा जरी ५ मिलिसेकंदांच्या वर असला, तर रांग एकदाही आटली नाही, म्हणजे ती मुक्कामी आहे. झुंड आणि मुक्काम ओळखण्यासाठी सरासरीपेक्षा किमान थांबा कितीतरी नेमका ठरतो. मग ते पॅकेट टाकते, तेही शेपटाचे नाही तर तोंडाशी असलेले, म्हणजे निरोपाला रांगेतून जावे लागत नाही. रांग आटली नाही तर पुढचे इशारे १००, ७१, ५८, ५० मिलिसेकंद अशा घटत्या अंतराने येतात. प्रवाह दहा असोत की एक, पुरेसे इशारे होईपर्यंत अंतर घटत राहते; `maxp` सारखा आकडा तुम्हाला द्यावा लागत नाही. ५ आणि १०० हे आकडे वेळेचे असल्याने लिंकचा वेग बदलला तरी अर्थ टिकतो. अगदी संथ, १ मेगाबिटच्या खालच्या लिंकवर मात्र एकच पॅकेट १२ मिलिसेकंदांहून जास्त घेते, तिथे ५ चे लक्ष्य वाढवावे लागते.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. आधी रांग तुमच्या ताब्यात आणली पाहिजे. राउटरमधून मोडेमकडे जाणारी तार १ गिगाबिटची असेल तर राउटरमध्ये रांग लागतच नाही, ती मोडेमच्या आत लागते, आणि तुम्ही राउटरवर रेड लावा की आणखी काही, ते रिकाम्या रांगेकडे पाहत बसते. हा पर्याय चालू करूनही काही फरक पडला नाही अशा तक्रारींत मला बहुतेक वेळा हेच कारण सापडते. उपाय म्हणजे राउटरनेच वेग खऱ्या वेगाच्या जरा खाली बांधायचा, साधारण ९० ते ९५ टक्के. मोडेमची रांग मग रिकामी राहते. तुमचा राउटर लिनक्सवर चालत असेल तर एक ओळ पुरते. `eth0` च्या जागी बाहेर जाणाऱ्या तारेचे नाव घाला.

```
tc qdisc replace dev eth0 root cake bandwidth 9500kbit
```

केक हे २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. वेग बांधणे, प्रवाहांना वेगळ्या रांगा देणे आणि प्रत्येक रांगेवर कॉडलच्या धर्तीचे लक्ष ठेवणे, ही तिन्ही कामे ते करते. वेगळ्या रांगांमुळे कॉलची मोजकी पॅकेटे अपलोडच्या मागे उभीच राहत नाहीत. हे रेडला कधीच साधत नव्हते. रेड सगळ्यांना एकाच रांगेत ठेवते, आणि इशारा न मानणारा यूडीपी प्रवाह असेल तर त्याच्यापुढे ते हतबल असते.

राउटर जुना असून त्यात फक्त रेडच असेल, तर तेही शेपटाच्या पडझडीपेक्षा नक्कीच बरे. तेव्हा वेग बांधून त्याच्या आत रेड असे लावा:

```
tc qdisc add dev eth0 root handle 1: htb default 10
tc class add dev eth0 parent 1: classid 1:10 htb rate 9500kbit
tc qdisc add dev eth0 parent 1:10 red limit 180000 \
  min 15000 max 45000 avpkt 1500 burst 17 \
  bandwidth 9500kbit probability 0.1 ecn
```

इथे आकडे बाइटांत आहेत: १५,००० म्हणजे १० पॅकेटे, ४५,००० म्हणजे ३०. वजन थेट देता येत नाही. ते `burst` वरून काढले जाते, आणि या आकड्यांना ते ०.००२ पेक्षा बरेच मोठे येते, जे एवढ्या संथ लिंकवर योग्यच आहे. `burst` वाढवलात तर झुंडींना जास्त मोकळीक मिळेल आणि इशारा उशिरा निघेल.

मग मोठा अपलोड सुरू करा, दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवा आणि मधूनमधून हे पाहा:

```
tc -s qdisc show dev eth0
```

रेडच्या ओळीत `early`, `marked` आणि `pdrop` असे आकडे दिसतील. `early` म्हणजे आगाऊ टाकलेली पॅकेटे, `marked` म्हणजे ईसीएनची खूण केलेली, आणि `pdrop` म्हणजे जागा संपल्यामुळे पडलेली. पहिले दोन हळूहळू वाढत असतील, `pdrop` शून्यावर असेल आणि पिंग ४० वरून ५०-७० च्या पुढे जात नसेल, तर इशारा वेळेवर पोहोचतो आहे. `pdrop` वाढत असेल तर रेड मागे पडते आहे. आधी `burst` कमी करून पाहा, मग `probability` वाढवा. तिन्ही आकडे शून्य असूनही पिंग हजारावर असेल, तर रांग अजून मोडेममध्येच आहे; ९५०० चे ९००० करा आणि पुन्हा मोजा. पिंग उत्तम पण वेग ८ मेगाबिटच्या खाली गेला, तर उंबरठे फार खाली आहेत किंवा फाइल दूरच्या सर्व्हरकडे जाते आहे, आणि मग `min` व `max` दुप्पट करून पाहायला हरकत नाही. तेव्हा `burst` ही दुप्पट, ३४ करा. तो `min` मध्ये मावणाऱ्या पॅकेटांपेक्षा लहान असून चालत नाही.

डाउनलोड करतानाही असेच होत असेल तर ती रांग सेवा देणाऱ्याच्या यंत्रात असते, तुमच्याकडे नसते. तिथेही येणारा वेग तुमच्या बाजूने थोडा कमी बांधून रांग आपल्याकडे ओढता येते. पण पॅकेटे अरुंद जागा ओलांडून आल्यावर तुम्ही त्यांना आवरत असता, त्यामुळे पकड अपलोडइतकी घट्ट बसत नाही आणि वेग ८५-९० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. आधी अपलोड मार्गी लावा. तुमच्या वर्णनावरून कॉल तिथेच अडतो आहे. आकडे आले की इथे लिहा. `tc` चा पूर्ण मजकूर आणि त्याच वेळचे पिंग, दोन्ही एकत्र दिलेत तर पुढचे सांगता येईल.